लेकराची शुगर पडते, दोष आईचा नाही

पांढुर्णा-सौंसरकडे टाइप वन मधुमेह असलेलं लेकरू ज्या घरात आहे, तिथल्या आईला एक प्रश्न वर्षानुवर्षं ऐकावा लागतो: “तुम्ही त्याला वेळेवर जेवू घालत नाही का?” शुगर पन्नासवर आली, पोरगी घामाने भिजली, हात थरथरू लागले, की हाच प्रश्न. सासू विचारते, शेजारीण विचारते, दवाखान्यातही तोच प्रश्न येतो. आई म्हणते, घातलं होतं. पोळी, वरण, भाजी, सगळं खाल्लं होतं. तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वहीत लिहिलं जातं, “आहारात अनियमितता”, इन्सुलिन दोन युनिटांनी कमी होतं आणि बाई एसटी पकडून घरी येते.

मला चीड येते ती या न ऐकण्याची. त्यामागे एक पक्कं मत आहे आणि ते आपल्या भागात घरोघर मानलं जातं. ते असं: टाइप वनच्या मुलाला इन्सुलिन द्यायचं, शुगर बघायची, बाकी काही शोधायचं नाही. शुगर पडली तर जेवण चुकलं किंवा सुई चुकली. उंची वाढत नसेल तर बाप बुटका आहे, नाहीतर शुगर ताब्यात नाही. थायरॉइड हा मोठ्या बायकांचा आजार. गव्हाचा तो सिलिअ‍ॅक पंजाब-हरयाणाकडचा. मुलाला हगवण नाही, मग आतड्याला काय झालं असणार? आणि या सगळ्या तपासण्या म्हणजे नागपूरच्या लॅबचा धंदा.

यातलं एकेक वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. म्हणून तर ते टिकलं आहे. पण जवळून पाहिलं तर यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

सुरुवात शुगर पडण्यापासून करू. टाइप वनमध्ये शुगर पडणं नवीन नाही. जेवण हुकलं, दुपारभर खेळणं झालं, ओकारी झाली, तर शुगर पडणारच. कारण सापडतं, तिथे प्रश्न मिटतो. मी बोलतो आहे ते कारण न सापडणाऱ्या पडण्याबद्दल. तिथे पोचण्याआधी साध्या चुका वगळाव्या लागतात, हे मला मान्य आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटांच्याही मिळतात आणि १०० युनिटांच्याही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजची नारंगी. शंभरचं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजने भरलं, तर तेवढ्याच रेघेवर अडीचपट औषध अंगात जातं. म्हणून आधी सिरिंज बघा. मग पोट आणि मांड्या हाताने चाचपून बघा. रोज त्याच जागी सुई टोचल्याने चामडीखाली गाठी होतात, आणि गाठीत दिलेलं इन्सुलिन कधी उशिरा, कधी एकदम शोषलं जातं. हे दोन्ही तपासायला पाच मिनिटं लागतात. पण या दोन्ही गोष्टी ठीक असल्या, आई सांगते तसं जेवणही झालेलं असलं, तरी शुगर पडतच राहिली तर? तेव्हाही आईलाच दोष द्यायचा?

आता जेवण पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण इथेच आईच्या साक्षीचं उत्तर आहे. जेवणाआधी टोचलेलं इन्सुलिन ठरलेल्या वेळेला आपलं काम सुरू करतं. ते जेवणाची वाट पाहत नाही. त्याच वेळी पोळीची साखर आतड्यातून रक्तात यायला हवी. ही साखर शोषून घेतात लहान आतड्याच्या आतले रसांकुर, म्हणजे मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलात गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती त्या रसांकुरांवरच उलटते. ते झडतात, आतडं सपाट होतं. मग पोळी खाल्लेली असते, पण साखर वेळेवर रक्तात येत नाही. इन्सुलिन मात्र वेळेवर येतं. जेवण झाल्यावर तासाभरात शुगर पडते, आणि अडकलेली साखर हळूहळू आत आली की दोन-तीन तासांनी ती चढते. आई खरं सांगत होती. लेकरू जेवलं होतं, पण ते अंगी लागलं नव्हतं.

थायरॉइड कमी पडलं तर वेगळ्या वाटेने तेच घडतं. थायरॉक्सिन कमी असलं की यकृतातून साखर कमी सुटते, पोट सावकाश रिकामं होतं, आणि शरीरातलं इन्सुलिन नेहमीपेक्षा हळू नष्ट होतं, म्हणजे त्याचा असर जास्त वेळ राहतो. कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो. इथे शुगर जेवणानंतरच पडते असं नाही, पहाटेही पडते, रात्रीही पडते. अँजेलिका मोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ आणि २००२ मध्ये मधुमेही मुलांच्या अशा दोन गटांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. एका गटाला सिलिअ‍ॅक होता, दुसऱ्याचं थायरॉइड नुकतंच कमी पडू लागलं होतं. निदानाआधीच्या काळात दोन्ही गटांत शुगर पडण्याचे प्रसंग जास्त होते, उपचार सुरू झाल्यावर ते कमी झाले. पाव शतकापूर्वी हे छापून आलं आहे. तरी आपल्याकडे अजून विचारलं जातं, जेवू घातलं होतं का?

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. ही मुलगी कुणाची खरी नाही, पण अशी मुलगी कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी भेटू शकते. वय नऊ, मधुमेह सहाव्या वर्षी कळला. वजन २४ किलो, दिवसाचं सगळं मिळून इन्सुलिन २२ युनिट, म्हणजे किलोमागे साधारण ०.९. या वयाला हे योग्यच आहे, कारण वयात येण्याआधीच्या मुलांना किलोमागे ०.७ ते १ युनिट लागतं. वर्षभरात हळूहळू शुगर पडू लागली. रात्री आठला जेवण, सव्वानऊला शुगर ५४. साखर दिली, सावरली. बाराला पाहिलं तर २७०. दुसऱ्या दिवशी डोस कमी केला. आठवड्याने परत तेच. असं करत वर्षअखेर डोस १५ युनिटांवर आला. वजन फक्त अर्धा किलो वाढलं, उंची १२४ वरून १२६ सेंटिमीटर झाली.

दवाखान्यात सांगण्यात आलं, “इन्सुलिन कमी लागतंय, चांगलंच आहे की. तीन महिन्यांची शुगरही ७.४ आहे.”

चांगलं आहे? निदान झाल्यानंतर पहिले काही महिने इन्सुलिन कमी लागतं, हे खरं. स्वादुपिंडात उरलेल्या पेशी तेवढे दिवस हात देतात. पण ती सवलत सहसा वर्षभरात संपते. तीन वर्षांनी, वयात येण्याच्या उंबरठ्यावर, जेव्हा इन्सुलिनची गरज वाढायला हवी, तेव्हा ती किलोमागे ०.९ वरून ०.६ वर आली, तर त्याला सुधारणा म्हणायचं कुठल्या आधारावर? गेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग इन्सुलिन कमी लागतं आहे ते साखर आत येत नाही म्हणून, किंवा इन्सुलिन रेंगाळतं आहे म्हणून, किंवा शुगर सावरणारं दुसरं कुठलं तरी संप्रेरक कमी पडतं आहे म्हणून. यातली कुठलीही गोष्ट चांगली नाही.

आणि तो ७.४ चा आकडा! तीन महिन्यांची सरासरी म्हणजे वरच्या आणि खालच्या शुगरची गोळाबेरीज. ५४ आणि २७० चं मिश्रणही सुंदर दिसू शकतं. शिवाय ही तपासणी लाल पेशींवर चालते. लोह कमी असेल तर आकडा खोटा वाढू शकतो, सिकलसेल असेल तर खोटा कमी दिसू शकतो. विदर्भात आणि छिंदवाडा पट्ट्यात सिकलसेल किती आहे, हे इथल्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला माहीत आहे. ज्या भागात हिमोग्लोबिनच वेगळं असू शकतं, तिथे त्या एका आकड्यावर निश्चिंत होणं मला बेफिकिरी वाटते.

आता उंचीकडे येतो. “बाप बुटका आहे” हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्याने प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं. बापाची उंची मुलाची शेवटची उंची ठरवायला हातभार लावते. पण बुटक्या बापाचं निरोगी लेकरूही दरवर्षी वाढतं, ते फक्त खालच्या रेघेवरून वाढतं. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली गेलं तर शोध घ्यायलाच हवा. आपल्या उदाहरणातली मुलगी दोन सेंटिमीटर वाढली. आनुवंशिकतेने मूल आपली रेघ सोडून खाली घसरत नाही. घसरतं आहे म्हणजे मधे काहीतरी आलं आहे.

“मग शुगर ताब्यात नाही म्हणून उंची थांबली” हे दुसरं उत्तर. हे खोटं नाही. वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली, इन्सुलिन अपुरं मिळालं, तर वाढ खुंटते, यकृत सुजतं, पोट पुढे येतं. वैद्यकात त्याला मॉरिअ‍ॅक सिंड्रोम म्हणतात. पण त्यात शुगर वर असते. आपल्या मुलीची शुगर पडते आहे, तिचं इन्सुलिन कमी होतं आहे. वाढ थांबली आणि शुगरही खाली, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मॉरिअ‍ॅकचं कारण तिथे लागू पडत नाही. मग ते उत्तर द्यायचं कशासाठी? तिथे विचारायचं ते आतड्याबद्दल आणि थायरॉइडबद्दल. दोघांत फरकही अनेकदा नुसत्या डोळ्यांना दिसतो. सिलिअ‍ॅकमध्ये उंची आणि वजन दोन्ही रुततात, हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने देऊनही ते वर येत नाही. थायरॉइड कमी असेल तर उंची थांबते पण वजन वाढतं, चेहरा सुजरा दिसतो, कोठा जड होतो, थंडी सोसत नाही, वर्गात पोर पेंगते. गळ्याला समोर सूज दिसू शकते.

पण हे दिसायला उंची मोजावी लागते. किती ठिकाणी मोजली जाते? वजन लिहितात, कारण डोस काढायला ते लागतं. उंचीचा रकाना रिकामा राहतो. मोजमाप अवघड नाही. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट काटकोनी पुस्तक, भिंतीवर खूण, तारीख. जमेल तर दर वेळी त्याच माणसाने आणि दिवसाच्या त्याच वेळी मोजावं, कारण मोजण्यात अर्धा सेंटिमीटर सहज इकडे-तिकडे होतो. म्हणून एका महिन्याच्या फरकावर काही ठरवू नये, सहा महिने ते वर्षाचा फरक पाहावा. भिंतीवरच्या खुणा तारखांसह घेऊन जाणाऱ्या आईला “बाप बुटका” म्हणून परत पाठवणं सोपं जात नाही.

आता “सिलिअ‍ॅक आपल्याकडे नसतो” या मताकडे. हा आजार गव्हाशी, बार्लीशी आणि रायशी बांधलेला आहे, हे आधी मान्य करू. हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने आहारातल्या गव्हाचा आणि या आजाराचा संबंध उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिथे पावाचा तुटवडा झाला तेव्हा त्याच्याकडची आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर बिघडली. भारतात २०११ मध्ये गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या लोकसंख्येत शोध घेतला, तर साधारण ९६ माणसांमागे एकाला सिलिअ‍ॅक निघाला. पुढे २०१६ मध्ये उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या प्रौढांचा एकत्र अभ्यास आला. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. आजाराला आवश्यक असलेली जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्या प्रमाणात होती. म्हणजे देह सगळीकडे तयार आहे. दक्षिणेत आजार कमी दिसतो, कारण तिथे गहू कमी खातात, असा निष्कर्ष त्यावरून बराचसा निघतो. पूर्ण नाही, कारण ईशान्येतही गहू कमीच खातात.

मध्य भारत त्या अभ्यासात नव्हता. पण आमच्या ताटात काय आहे ते सांगायला अभ्यास लागत नाही. आमच्या आज्या ज्वारीची भाकर खात होत्या. आज पांढुर्ण्यात सकाळची पोळी गव्हाची, संध्याकाळची पोळी गव्हाची, रेशनच्या दुकानात गहू, शाळेतल्या मध्यान्ह भोजनात गव्हाची पोळी, सणाला वरण-बट्टी नाहीतर रोडगे. आपण मराठी बोलतो म्हणून आपलं आतडं दक्षिणेचं ठरतं का? आपण मध्य प्रदेशात राहतो, मध्य प्रदेशचा गहू खातो.

शिवाय टाइप वनचं लेकरू सर्वसामान्य लोकसंख्येतलं नाहीच, आणि हाच मुद्दा नेहमी सुटतो. टाइप वन मधुमेह म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच स्वादुपिंडावर केलेला हल्ला. ज्या जनुकांमुळे हा हल्ला होतो, त्यांतली काही जनुकं थायरॉइडवर आणि आतड्यावर होणाऱ्या हल्ल्यातही तीच असतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते की टाइप वनच्या रुग्णांत थायरॉइडचा हा आजार १७ ते ३० टक्क्यांत आढळतो, आणि सिलिअ‍ॅक वेगवेगळ्या अभ्यासांत १.६ पासून १६.४ टक्क्यांपर्यंत. सर्वसामान्यांत तो एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. थायरॉइड “मोठ्या बायकांचा आजार” म्हणणाऱ्यांनी पहिला आकडा परत वाचावा. टाइप वनच्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात निदानाच्या वेळीच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात.

आणि हगवण? मधुमेहासोबत येणाऱ्या सिलिअ‍ॅकमध्ये बहुतेक मुलांना हगवण नसते. पोट फुगत नाही, तक्रारच नसते. शुगर पडणं, उंची न वाढणं, लोहाला न जुमानणारा रक्तक्षय, एवढ्याच खुणा असतात, आणि कित्येकदा त्याही नसतात. म्हणूनच तक्रार असो वा नसो, ठरलेल्या वेळी तपासणी करायची असते. “त्रास झाला की बघू” म्हणणं म्हणजे रसांकुर झडून उंचीची दोन वर्षं गेल्यावर बघू असं म्हणणं आहे. ती दोन वर्षं नेहमी परत मिळत नाहीत.

राहिला “लॅबचा धंदा”. नको त्या तपासण्यांचे मोठमोठे पॅकेज विकले जातात, हे खरं आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण इथे काय मागितलं जातं आहे? थायरॉइडसाठी टीएसएच आणि सुरुवातीला टीपीओ प्रतिपिंडं. सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी आयजीए आणि त्याच्यासोबत एकदा एकूण आयजीए. संपलं. एकूण आयजीए कशाला, तर काही मुलांत आयजीएच तयार होत नाही, आणि ती कमतरता अशाच मुलांत जास्त आढळते. तसं असेल तर टीटीजी आयजीए नॉर्मल येईल आणि आजार लपून राहील. टीएसएच काही शे रुपयांत होतं, सिलिअ‍ॅकची तपासणी त्याहून महाग पडते, पण नमुना इथेच घेऊन नागपूरला पाठवता येतो. या तपासण्या रोजच्या नाहीत. मुलांच्या मधुमेहावर काम करणारी इस्पॅड ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि अमेरिकन असोसिएशन यांचं वेळापत्रक जवळपास सारखं आहे. दोन्ही तपासण्या निदानानंतर लवकर, मग थायरॉइड दर एक-दोन वर्षांनी, सिलिअ‍ॅक दुसऱ्या वर्षाच्या आसपास आणि पाचव्या वर्षाच्या आसपास. मधे खुणा दिसल्या तर लगेच. पाच वर्षंच का, तर मधुमेहानंतर सापडणाऱ्या सिलिअ‍ॅकपैकी जवळपास ८० टक्के पहिल्या पाच वर्षांत सापडतो. पाच वर्षांत मोजक्या वेळा रक्त देणं याला धंदा म्हणायचं, आणि फिट येऊन रात्री भाड्याच्या गाडीने नागपूर गाठणं याला नशीब?

तपासण्यांना मर्यादा आहेत आणि त्या लपवण्याचं कारण नाही. मूल किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये भरती असताना केलेलं थायरॉइड पुष्कळदा फसवं निघतं, कारण शरीर संकटात असलं की ते आकडे आपोआप खाली येतात. शुगर स्थिरावल्यावर, काही आठवड्यांनी करावं. टीएसएच थोडं वर आणि टी-फोर नॉर्मल असेल तर घाईने गोळी न देता पुन्हा तपासून ठरवतात. टीटीजी निदानाच्या सुमाराला किंचित वाढलेलं असेल, तर काही मुलांत गहू सुरू असतानाच ते आपोआप उतरतं. म्हणून तिथे थांबून पुन्हा बघायचं. खूप जास्त असेल तर पोटाच्या तज्ज्ञाकडे जायचं, आणि पुष्कळदा दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासायचा. सगळ्यात मोठी चूक मात्र घरी होते. कुणीतरी सांगतं, “गहू बंद करून बघा”. गहू बंद केला की महिन्या-दोन महिन्यांत टीटीजी उतरू लागतं, रसांकुर भरू लागतात, आणि मग तपासणीत आजार निसटू शकतो. निदान पक्कं होईपर्यंत गहू चालूच ठेवायचा. आयुष्यभराचं पथ्य अंदाजावर सुरू करू नये.

अजून एक आजार इथे सांगायलाच हवा, दुर्मीळ असला तरी, कारण तो विसरला तर जीव जातो. शुगर पडते, इन्सुलिनची गरज घटते, आणि त्यासोबत हिरड्या, हाताच्या रेषा, कोपरं काळवंडतात, मीठ खावंसं वाटतं, उभं राहताना चक्कर येते. हा अ‍ॅडिसनचा आजार असू शकतो. त्यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुकतात. सकाळच्या कॉर्टिसोलने दिशा कळते. अशा मुलात टीएसएचही वाढलेलं दिसू शकतं, आणि कॉर्टिसोल न पाहता आधी थायरॉइडची गोळी दिली तर मूल कोसळू शकतं. शुगर पडण्याला “जेवण चुकलं” एवढंच उत्तर देणाऱ्याच्या मनात हा आजार येणारच नाही.

शेवटचं मत मला सगळ्यांत निर्दय वाटतं: “सापडून तरी काय करणार? गरीब माणसं. पथ्य कुठून पाळणार?” हे म्हणणाऱ्याने आपल्याच तालुक्याचं पीक पाहिलेलं नाही. थायरॉइड निघालं तर एक स्वस्त गोळी, रोज सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर. एवढंच. गोळी वाढवत नेली तरी टीएसएच उतरत नसेल, तर तेही आतड्याकडेच बोट दाखवतं, कारण ती गोळीही आतड्यातूनच शोषली जाते.

आणि सिलिअ‍ॅक निघाला तर? शहरातल्या दुकानात ग्लुटेनमुक्त बिस्किटं महाग मिळतात. त्यांची गरज नाही. ज्वारीची भाकर ग्लुटेनमुक्त आहे. मक्याची भाकर ग्लुटेनमुक्त आहे, आणि छिंदवाड्याचा मका देशभर जातो. भात, तुरीचं वरण, बेसन, भगर, राजगिरा, साबुदाणा, दूध, अंडी, संत्री, सगळं चालतं. पोळी, रवा, मैदा, दलिया, शेवया, बट्टी, रोडगे, ब्रेड, पारलेची बिस्किटं हे बंद. आमच्या आजीचं ताट हाच इथला उपचार आहे आणि ते परवडत नाही असं कुणी म्हणू नये.

अडचण आहे ती चक्कीवर. जिथे गहू दळला तिथेच ज्वारी दळली की पिठात गहू मिसळतो. ग्लुटेनमुक्त म्हणून विकण्याच्या अन्नासाठी भारतात किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गव्हानंतर लगेच दळलेली ज्वारी त्यात बसत नाही. उपाय म्हणजे घरगुती लहान चक्की, किंवा गिरणीवाल्याशी बोलून चक्की साफ केल्यानंतर सकाळी पहिलं दळण आपलं करून घेणं, आणि आधी दोन किलो ज्वारी दळून ती घरातल्या इतरांना खाऊ घालणं. डबीतला हिंग बघून घ्यावा, कारण बहुतेक बांधणीच्या हिंगात मैदा असतो. पोळपाट-लाटणं, तवा आणि परात या मुलासाठी वेगळी असलेली बरी.

पथ्य सुरू झाल्यावर डोसचं काय होतं, हे आईला आधीच सांगायला हवं, नाहीतर ती घाबरून पथ्य सोडते. आतडं भरू लागलं की साखर वेळेवर आत येते. शुगर पडणं कमी होतं आणि इन्सुलिन वाढवावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे १५ युनिट काही महिन्यांत परत २० च्या पुढे जाऊ शकतात. तेव्हा कुणी “मधुमेह वाढला” म्हणेल. वाढलेला नसतो, अन्न अंगी लागू लागलेलं असतं. भात आणि भाकर यांची साखर वेगवेगळ्या वेगाने चढते, म्हणून पहिले काही आठवडे जेवणानंतर दोन तासांनी शुगर जास्त वेळा बघून डोस पुन्हा बसवावा लागतो. टीटीजी काही महिन्यांत उतरू लागतं, नॉर्मल व्हायला वर्ष किंवा जास्त लागू शकतं. उंची पुष्कळदा मागचा तोटा भरून काढायला धावते.

पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर त्याला जिल्ह्याची जबाबदारीही येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शिका काढली आहे. आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती रुग्णाच्या कामाचं, त्यामुळे बाहेरच्या तपासण्यांचे पैसे खिशातून जातात. मग पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या सरकारी रुग्णालयात टाइप वनच्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड असावं, त्यावर उंचीचा रकाना, इन्सुलिनचे किलोमागचे युनिट, आणि टीएसएच व टीटीजीच्या तारखा छापलेल्या असाव्यात. नमुने महिन्याला एकदा एकत्र करून पाठवता येतील. दोन तालुक्यांत अशी मुलं किती असणार? जिल्ह्याला न झेपण्याइतकी नाहीत.

तोवर आयांनी पुढच्या वेळी जाताना शुगरची वही, भिंतीवरच्या खुणा आणि मागच्या वर्षीचा डोस कागदावर लिहून न्यावा, आणि “जेवू घातलं होतं का?” असं विचारलं की सांगावं, “घातलं होतं, साहेब. आता टीएसएच आणि टीटीजी लिहून द्या, एकूण आयजीएसकट.”